शेवटच्या बाकावरून वाचता येणारा चौकोन

व्याख्यान संपत आले की हल्ली पडद्यावर 'धन्यवाद' या शब्दाच्या शेजारी, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक काळा-पांढरा चौकोन उमटतो. वक्ते सांगतात, अभिप्रायाचा फॉर्म येथे आहे, टिपणेही येथूनच उतरवून घ्या. सभागृहात मोबाइल वर होतात. पहिल्या एक-दोन रांगांतली मंडळी लगेच फॉर्म भरू लागतात. मधल्या रांगांतले काही जण हात लांब करतात, काही उभे राहून पाहतात. मागच्या रांगांतले मोबाइल मात्र पडद्यावर नुसते रोखलेले राहतात आणि थोड्या वेळाने खाली येतात. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेले असते.

मागच्या रांगेतल्या शिक्षकाला वाटते, आपला मोबाइल जुना आहे. वक्त्याला वाटते, श्रोत्यांना उत्साह नाही. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. चौकोन तेवढ्या अंतरावरून वाचता येण्याजोगा नसतोच, आणि हे आधी घरी बसून, साध्या गुणाकाराने कळू शकते. तो गुणाकार कसा करायचा ते या लेखात पाहू या.

प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. समजा, अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, 'आवाज शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता का?' ज्यांना ऐकू आले नाही ते मागे बसले होते, आणि ज्यांना चौकोन वाचता आला नाही तेही तेच. उत्तरे आली ती सगळी पुढच्या रांगांतून. वक्ता समाधानाने लिहून ठेवतो की शंभर टक्के श्रोत्यांना आवाज स्पष्ट येत होता. नमुना निवडताना होणारी ही चूक संख्याशास्त्राच्या पुस्तकात नेहमी वाचायला मिळते. येथे ती चौकोनाच्या आकारामुळे होते.

चौकोनात असते काय?

क्यूआर कोड म्हणतात तो हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये जन्मला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कारखान्यातल्या खोक्यांवर तेव्हा उभ्या रेघांचा बारकोड असे. त्यात मावणारी माहिती थोडी, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार ते एकेक करून वाचत बसत. रेघांत माहिती एकाच दिशेने लिहिलेली असते. ती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी लिहिली तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावेल, ही या रचनेमागची कल्पना.

चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौरस दिसतात. ते शोभेसाठी नाहीत. अशा चौरसाच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ मारली तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा असे पट्टे लागतात आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण १:१:३:१:१ असते. हारा यांच्या गटाने वर्तमानपत्रे, मासिके, खोक्यांवरचे छापील मजकूर तपासून, छपाईत क्वचितच आढळणारे प्रमाण म्हणून हे निवडले. मोबाइलमधला कार्यक्रम चित्रात प्रथम हेच प्रमाण शोधतो. तीन ठिकाणी ते सापडले की चौकोन कुठे आहे, किती तिरका आहे, वरची बाजू कोणती, हे सगळे त्याला कळते. मग उरलेल्या भागावर मनातल्या मनात जाळी आखून तो प्रत्येक घर काळे की पांढरे एवढेच पाहत जातो. काळे म्हणजे एक, पांढरे म्हणजे शून्य. (एका घराला इंग्रजीत मॉड्यूल म्हणतात. आपण 'घर' हाच शब्द वापरू.)

आता एक गैरसमज दूर करायला हवा. चौकोनात फॉर्म नसतो आणि टिपणांची फाइलही नसते. असतो तो फक्त इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे काही अक्षरांची एक ओळ. मोठ्यात मोठ्या क्यूआर कोडमध्येही लहान-मोठ्या लिपीतल्या अशा पत्त्याची २,९५३ हून जास्त अक्षरे मावत नाहीत. त्यामुळे चौकोन वाचणे आणि फॉर्म उघडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली क्रिया प्रकाशाची आणि भूमितीची आहे, तिला इंटरनेट लागत नाही. दुसरी इंटरनेटची आणि परवानग्यांची आहे, तिचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. हा फरक ध्यानात ठेवला तर बिघाड कुठे आहे हे झटकन ओळखता येते. मोबाइलच्या पडद्यावर पत्ता उमटलाच नाही तर दोष चौकोनाचा किंवा दृश्याचा. पत्ता उमटला पण पान उघडले नाही तर दोष पुढचा.

पत्ता लांब, घरे बारीक

पत्त्यात अक्षरे जितकी जास्त तितकी घरे जास्त. क्यूआर कोडचे ४० आकार ठरलेले आहेत आणि त्यांना आवृत्ती १, आवृत्ती २ अशी नावे आहेत. पहिल्या आवृत्तीत एका बाजूला २१ घरे असतात आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत बाजूला ४ घरे वाढतात. म्हणजे आवृत्तीच्या क्रमांकाची चौपट करून १७ मिळवले की बाजूची घरे मिळतात. चाळिसाव्या आवृत्तीत ती १७७ होतात.

सगळ्यांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. गूगल फॉर्मचा पूर्ण पत्ता असा दिसतो:

```
https://docs.google.com/forms/d/e/…/viewform?usp=header
```

मधल्या तीन टिंबांच्या जागी ५६ अक्षरांची एक अगम्य माळ असते. सगळी अक्षरे मोजली तर ११० भरतात. दोषदुरुस्तीची मध्यम पातळी घेतली (ती काय ते पुढे येईलच) तर ११० अक्षरांना सातवी आवृत्ती लागते, म्हणजे ४५ गुणिले ४५ घरे. मात्र फॉर्म पाठवण्याच्या खिडकीत लिंकच्या खाली `Shorten URL` अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की `https://forms.gle/` ने सुरू होणारा ३५ अक्षरांचा पत्ता मिळतो. त्याला तिसरी आवृत्ती पुरते, म्हणजे २९ गुणिले २९ घरे.

दोन्ही चौकोन पडद्यावर सारख्याच आकाराचे काढले तर दुसऱ्यातले प्रत्येक घर पहिल्यातल्या घराच्या दीडपटीहून थोडे मोठे असते. पुढचा सगळा हिशेब या एका घराच्या रुंदीवर चालतो. चौकोन केवढा दिसतो याला महत्त्व नाही, त्यातले एक घर केवढे आहे याला आहे.

दर मीटरला दोन मिलिमीटर

मोबाइलचा कॅमेरा समोरच्या दृश्याची बारीक ठिपक्यांत विभागणी करतो. एक घर काळे की पांढरे हे खात्रीने कळायचे तर त्या घरावर कॅमेऱ्याचे निदान दोन-तीन ठिपके पडायला हवेत. एकच ठिपका पडला आणि तोही दोन घरांच्या सीमेवर आला तर तो करडा दिसेल, काळाही नाही आणि पांढराही नाही. हात थोडा हलतो, चित्र किंचित अस्पष्ट असते, म्हणून आपण तीन ठिपके धरू.

एक ठिपका किती जागा व्यापतो? हे प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर मोजून पाहावे. वर्गातही हा प्रयोग छान होतो. भिंतीपासून बरोबर ४ मीटर अंतरावर उभे राहा, मोबाइल आडवा धरा आणि झूम न करता चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत भिंतीचा किती भाग दिसतो ते मोजपट्टीने मोजा. नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्यात तो ५ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे अंतराच्या सव्वापट. कोड वाचताना मोबाइल पुष्कळदा पूर्ण क्षमतेचे छायाचित्र न घेता व्हिडिओसारखे चालते चित्र तपासत असतो. त्याची रुंदी १,९२० ठिपके धरू. सव्वापट अंतर १,९२० ठिपक्यांत वाटले गेले, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला अंतराचा सुमारे १,५०० वा भाग आला. तीन ठिपक्यांना अंतराचा ५०० वा भाग. १ मीटरचा ५०० वा भाग म्हणजे २ मिलिमीटर.

सूत्र म्हणून हे लक्षात ठेवायला सोपे आहे: पडद्यापासून श्रोता जितके मीटर दूर, त्याच्या दुप्पट मिलिमीटर रुंदीचे एक घर हवे. तुमच्या मोबाइलचे आकडे थोडे वेगळे आले तर सूत्रही थोडे सैल किंवा घट्ट होईल. पण सभागृहात सगळ्यांचे मोबाइल सारखे नसतात, म्हणून सैल आकडा धरण्याचा मोह टाळावा.

भाजीच्या गाडीवरचा चौकोन कधी दगा का देत नाही, तेही यावरून कळते. पैसे पाठवण्याच्या त्या चौकोनात शंभरेक अक्षरांचा मजकूर असला तर बाजूला ४१ घरे येतात. चौकोन १० सेंटिमीटरचा असेल तर एक घर सुमारे २.४ मिलिमीटरचे होते. आपण ३० सेंटिमीटरवरून मोबाइल धरतो, तेथे ०.६ मिलिमीटर पुरले असते. गरजेच्या चौपट मोठे घर असल्यामुळे चुरगळलेला, पाणी पडलेला कागदही वाचला जातो. सभागृहात अशी सवलत कोणी देत नाही.

एका सभागृहाचा हिशेब

दहा रांगांचे एक सभागृह घेऊ. पहिली रांग पडद्यापासून ३ मीटरवर, पुढे दर मीटरला एक रांग, म्हणजे शेवटची १२ मीटरवर. प्रत्येक रांगेत ८ खुर्च्या, एकूण ८० शिक्षक. पडद्यावरचे चित्र ८ फूट, म्हणजे २.४ मीटर रुंद. हल्लीच्या १६:९ प्रमाणाच्या स्लाइडची उंची मग १.३५ मीटर होते.

वक्त्याने नेहमीप्रमाणे चौकोन कोपऱ्यात ठेवला आणि त्याची बाजू स्लाइडच्या उंचीच्या पाचव्या भागाएवढी घेतली. पडद्यावर ती २७ सेंटिमीटर झाली. ऐकायला हे पुष्कळ वाटते. लांब पत्ता वापरला असेल तर या २७ सेंटिमीटरमध्ये ४५ घरे बसवायची, एक घर ६ मिलिमीटरचे. सूत्राप्रमाणे ते ३ मीटरपर्यंत वाचता येईल. फक्त पहिली रांग, ८० पैकी ८ जण. छोटा पत्ता घेतला तर एक घर ९.३ मिलिमीटरचे होते आणि पल्ला ४.६५ मीटरवर जातो. आता दोन रांगा झाल्या, ८० पैकी १६.

उलट दिशेने जाऊ. शेवटच्या रांगेसाठी १२ ची दुप्पट, म्हणजे २४ मिलिमीटरचे घर हवे. छोट्या पत्त्याच्या २९ घरांना सुमारे ७० सेंटिमीटर लागतील. लांब पत्त्याच्या ४५ घरांना १ मीटर ८ सेंटिमीटर. याशिवाय चौकोनाच्या चारही बाजूंना ४ घरांएवढी कोरी पांढरी जागा सोडावी लागते. ती नसेल तर शेजारची अक्षरे किंवा रंगीत पार्श्वभूमी चौकोनाला चिकटते आणि कोपऱ्यातले खुणेचे चौरस ओळखणे अवघड होते. ती जागा धरली तर छोट्या पत्त्याला ८९ सेंटिमीटर आणि लांब पत्त्याला १ मीटर २७ सेंटिमीटर उंची लागते. स्लाइड १.३५ मीटर उंच आहे. लांब पत्ता ठेवला तर स्लाइडवर दुसरे काही लिहायला जागाच नाही. छोट्या पत्त्याने मात्र स्लाइडच्या उंचीचा दोन-तृतीयांश भाग घेतला, शेजारी दोन ओळी लिहायला जागा उरली आणि शेवटची रांगही आत आली.

संगणकावर स्लाइडची मापे सेंटिमीटरमध्ये दिसतात. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची १९.०५ सेंटिमीटर असते. ७० भागिले १३५ हे गुणोत्तर तेथे लावले तर चौकोनाची बाजू १० सेंटिमीटर ठेवायची, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

श्रोता झूम करू शकतो, हे खरे. दुप्पट झूम केला की पल्लाही साधारण दुप्पट होतो, कारण कॅमेऱ्याच्या संवेदक पृष्ठावर चालत्या चित्राला लागतात त्याहून जास्त ठिपके असतात. मात्र त्यापुढे बहुतेक साध्या मोबाइलमध्ये चित्र नुसते फुगते, तपशील वाढत नाही. आणि झूम करायचे सुचणारे थोडेच असतात. बाजूला बसणाऱ्यांचीही एक अडचण आहे. पडद्याकडे ४५ अंशांतून पाहणाऱ्याला चौकोनाची रुंदी ०.७ पट दिसते. तीन ठिपक्यांच्या जागी दोनच उरतात. सभागृह अरुंद असेल तर हे सोडून द्यावे. पसरट असेल तर चौकोन आणखी मोठा घ्यावा.

जास्त मजबुतीचा तोटा

क्यूआर कोडचा थोडा भाग फाटला, मळला तरी तो वाचता येतो. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीची ही करामत आहे. गाण्यांच्या सीडीवर ओरखडा पडूनही गाणे अडखळत नसे, तेही याच गणितामुळे. मूळ मजकुराबरोबर काही जादा आकडे लिहून ठेवायचे, आणि काही आकडे पुसले गेले तर उरलेल्यांवरून ते पुन्हा काढायचे. किती नुकसान सोसायचे याच्या चार पातळ्या आहेत. एल पातळीत सुमारे ७ टक्के, एम मध्ये १५, क्यू मध्ये २५ आणि एच मध्ये ३० टक्के.

सर्वांत मजबूत पातळी घ्यावी असे साहजिकच वाटते. पण जादा आकड्यांना जादा घरे लागतात. आपला ३५ अक्षरांचा पत्ता एल किंवा एम पातळीत २९ घरांत बसतो. एच पातळीत मात्र तिसऱ्या आवृत्तीत २४ आणि चौथीत ३४ अक्षरेच मावतात. एका अक्षरासाठी पाचवी आवृत्ती घ्यावी लागते, ३७ घरांची. ७० सेंटिमीटरच्या त्याच चौकोनात एक घर आता १९ मिलिमीटरचे झाले आणि पल्ला १२ मीटरवरून साडेनऊ मीटरवर आला. मजबुती वाढवली आणि मागच्या तीन रांगा गेल्या.

कारखान्यातल्या खोक्यावर तेल सांडते, तेथे एच पातळी योग्य. पडद्यावरचा चौकोन फाटत नाही, मळत नाही. त्याला एल किंवा एम पुरे. संस्थेचे बोधचिन्ह चौकोनाच्या मध्यभागी बसवण्याची पद्धत आहे, त्यासाठी वरची पातळी घ्यावीच लागते, कारण बोधचिन्हाखाली झाकलेली घरे हे एक नुकसानच असते. बोधचिन्ह चौकोनाच्या बाहेर, शेजारी ठेवले तर कोणाचेच बिघडत नाही.

पडद्यावर काळा रंग नसतो

कागदावर काळी शाई असते. पडद्यावर काळे म्हणजे प्रोजेक्टरने तेथे प्रकाश टाकला नाही एवढेच. ट्यूबलाइटचा किंवा उघड्या खिडकीचा प्रकाश त्या जागेवर पडत असतोच. तो जितका जास्त तितका आपला काळा रंग करडा. डोळा हे सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला जड जाते. म्हणून पडद्याजवळचे दिवे शेवटच्या स्लाइडच्या वेळी मालवलेले असावेत. पुष्कळ ठिकाणी नेमके उलट होते. व्याख्यान संपले म्हणून कोणीतरी तत्परतेने सगळे दिवे लावते आणि त्याच क्षणी चौकोन पडद्यावर येतो.

अगदी गुडुप अंधारातही एक त्रास होतो. चित्राचा बराचसा भाग काळोखी असल्याने कॅमेरा जास्त प्रकाश आत घेतो, पडदा भगभगीत दिसतो आणि पांढरी घरे काळ्या घरांवर पसरतात. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर चौकोनाच्या चित्रावर बोट टेकवावे. कॅमेरा तेवढ्या भागापुरता प्रकाश जुळवून घेतो. ही एक सूचना वक्त्याने तोंडी दिली तरी आणखी काही जणांचे काम होते.

रंगांबाबत हौस नको. पांढऱ्यावर काळा चौकोन सर्वत्र वाचला जातो. काळ्यावर पांढरा, म्हणजे उलटा चौकोन, काही मोबाइल वाचतात आणि काही वाचत नाहीत. याहून फसवी गोष्ट पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राची. संकेतस्थळावरून उतरवलेले चित्र पांढऱ्या पानावर व्यवस्थित दिसते, पण तेच गडद निळ्या स्लाइडवर ठेवले की पांढऱ्या घरांतून निळा रंग दिसू लागतो आणि काळ्या-निळ्याचा फरक प्रोजेक्टरवर उरत नाही. चौकोनाखाली एक कोरा पांढरा चौरस ठेवला की हा प्रश्नही सुटतो आणि चार घरांच्या मोकळ्या जागेचाही.

पत्ता उमटला, पान उघडत नाही

आता दुसरी क्रिया. येथे होणाऱ्या चुका बहुतेक एकाच कारणाने होतात: वक्ता आपल्याच संगणकावर, आपल्याच खात्यातून सर्व काही तपासतो. त्याला सगळे उघडते, कारण मालक तोच असतो.

फॉर्म तयार करताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो त्याच्या शेवटी `/edit` असते. तो प्रश्न बदलण्याच्या पानाचा पत्ता आहे, श्रोत्यांसाठी नाही. क्रोम ब्राउझरमध्ये समोरच्या पानाचा क्यूआर कोड करून देण्याची सोय आहे. ती याच पानावर वापरली तर चौकोन सुबक मिळतो, पण आत हा चुकीचा पत्ता असतो. टिपणांच्या फाइलीचेही असेच. गूगल ड्राइव्हवर फाइल ठेवली की ती सुरुवातीला `Restricted` असते. ती `Anyone with the link` केली नाही तर श्रोत्यापुढे परवानगी मागण्याचे पान येते, आणि सभागृहातून आलेल्या त्या विनंत्या वक्त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर दिसतात. फॉर्ममध्ये एका व्यक्तीने एकदाच उत्तर द्यावे अशी अट घातली, किंवा फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला, तर आधी गूगल खात्यात शिरावे लागते. परवलीचा शब्द सभागृहात कोणाला आठवतो?

तपासण्याची रीत सोपी आहे. ज्याचा या फॉर्मशी काही संबंध नाही अशा माणसाच्या मोबाइलवरून, शाळेचे वायफाय बंद करून, चौकोन वाचून पाहावा. घरातल्या कोणाचा मोबाइल यासाठी चालतो, मात्र त्यात आपले खाते उघडलेले नसावे. फाइलीच्या आकाराचाही विचार करावा. ऐंशी जण एकाच टॉवरवरून एकाच वेळी छायाचित्रांनी भरलेली जड फाइल उतरवू लागले तर कोणालाच ती मिळणार नाही. टिपणे छोट्या पीडीएफमध्ये द्यावीत, चित्रे मागाहून.

काही संकेतस्थळे 'बदलता येणारा' क्यूआर कोड देतात. त्यात आपला पत्ता नसतो, त्यांचा असतो, आणि त्यांचा संगणक श्रोत्याला आपल्या फॉर्मकडे वळवतो. किती जणांनी वाचला हे मोजायला ते सोयीचे असते. पण फुकट वापराची मुदत संपली की वळवणे थांबते आणि छापील अहवालातला चौकोन निकामी होतो. आपला पत्ता सरळ लिहिलेला चौकोन कधीच शिळा होत नाही, कारण तो फक्त अक्षरे आहे. ती अक्षरे दाखवतात ते पान जागेवर असले म्हणजे झाले.

ज्यांना चौकोन वाचता येणार नाही त्यांच्यासाठी पत्ता चौकोनाखाली अक्षरांतही लिहावा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतल्या 'दीक्षा'च्या चौकोनाखाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो, तो याचसाठी. सहा अक्षरे हाताने लिहिता येतात. `forms.gle` च्या पुढची सतरा अक्षरे, त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक आणि एल, आय व एक यांचा गोंधळ, हे प्रकरण वेळखाऊ आहे. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर त्यावर लहानसा, बोलून सांगता येईल असा पत्ता तयार करून घ्यावा. अक्षरात लिहिलेल्या पत्त्याचा आणखी एक उपयोग आहे. मोबाइलवर उमटलेला पत्ता आणि पडद्यावर लिहिलेला पत्ता एकच आहे ना, हे श्रोत्याला पाहता येते.

वेळ आणि रंगीत तालीम

मोबाइल खिशातून काढायचा, उघडायचा, कॅमेरा सुरू करायचा, रोखायचा, पत्ता उमटला की त्यावर बोट टेकवायचे. मागच्या रांगेत याला पुढच्या रांगेपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून चौकोनाची स्लाइड आभाराच्या घाईत न दाखवता प्रश्नोत्तरे सुरू होतानाच लावावी आणि ती संपेपर्यंत तशीच ठेवावी. पॉवरपॉइंटमध्ये शेवटच्या स्लाइडनंतर चुकून एकदा कळ दाबली गेली तर पडदा काळा होतो. त्याच स्लाइडची एक प्रत तिच्यामागे जोडून ठेवली की चुकून दाबलेल्या कळीने काही बिघडत नाही.

सभागृहात आधी जाऊन शेवटच्या रांगेतून तपासता आले तर उत्तम. तसे न जमले तर घरीच समरूप त्रिकोणांचा आधार घ्यावा. आपल्या उदाहरणात शेवटची रांग पडद्यावरच्या चित्राच्या उंचीच्या सुमारे ९ पट दूर आहे: १२ मीटर भागिले १.३५ मीटर. स्लाइड लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर लावा, तिची उंची पट्टीने मोजा आणि तिच्या ९ पट दूर उभे राहा. स्लाइड १९ सेंटिमीटर उंच दिसत असेल तर १ मीटर ७१ सेंटिमीटर. तेथून कॅमेऱ्याला चौकोन जेवढा दिसतो तेवढाच तो सभागृहात शेवटच्या खुर्चीवरून दिसेल. लॅपटॉपचा पडदा प्रोजेक्टरपेक्षा उठावदार असतो, म्हणून आणखी अर्धा मीटर मागे सरकून वाचला गेला तरच चौकोन ठीक समजावा. आणि या तपासणीसाठी घरातला सर्वांत जुना मोबाइल घ्यावा.